सहकारी रजेवर असताना कोणाकडे जावे, हे सांगणारी सूचना कशी लिहावी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी पहिल्यांदा टीम लीड झालो, तेव्हा महिनाभरातच लेखा व डिस्पॅच सांभाळणाऱ्या एक ताई भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या. मी दोन ओळींची सूचना पाठवली: ताई आजपासून रजेवर आहेत, काही अडचण आल्यास अकाउंट्समध्ये विचारावे. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पुण्याला जाणारा माल ट्रकमध्ये भरून तयार होता आणि तो ट्रक संध्याकाळी सातपर्यंत फाटकातच उभा राहिला. ई-वे बिलाच्या पोर्टलवर लॉगिन करताना येणारा ओटीपी ताईंच्या मोबाईलवर जात होता, आणि त्या मंडपात असल्याने त्यांचा फोन पर्समध्ये होता. अकाउंट्समधल्या तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होते की हे काम उरलेल्या दोघांपैकी कोणाला तरी दिलेले असेल.

ती सूचना व्याकरणाने बरोबर होती आणि नम्रही होती. चूक इतकीच होती की तिने एका माणसाची अनुपस्थिती कळवली, पण त्या माणसाकडे येणारे प्रत्येक काम आता कोणाकडे जाईल हे सांगितले नाही. नव्याने टीम लीड झालेल्यांसाठी पुढील क्रम मी त्या अनुभवातून आणि नंतरच्या बऱ्याच रजांतून मांडला आहे. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो: श्रीमती मोहिते यांची सोमवार, ८ डिसेंबर ते शनिवार, २० डिसेंबर अशी रजा. मोहिते, पवार आणि शेख ही नावे केवळ नमुन्यापुरती आहेत, आणि आमच्याकडे साप्ताहिक सुटी रविवारी असते असे धरले आहे.

पहिली पायरी: लिहायला बसण्याआधी कामांची यादी

सूचनेचा मजकूर दहा मिनिटांत होतो. त्यामागच्या यादीला मात्र तासभर लागतो, आणि तो तास रजेच्या किमान आठवडाभर आधी काढावा. रजेवर जाणाऱ्या व्यक्तीला "तुमच्याकडे कोणकोणती कामे आहेत?" असे विचारले, तर ती आपल्या पदाशी जोडलेली मोठी कामे सांगेल आणि रोजची बारीक कामे तिच्या लक्षातही येणार नाहीत, कारण ती तिच्या हातून आपोआप होत असतात. त्यापेक्षा "गेल्या दहा दिवसांत तुमच्याकडे कोण कोण आले आणि कशासाठी आले?" असे विचारावे. त्या वेळी त्यांचा ईमेल आणि फोनमधली कॉलची नोंद त्यांनी स्वतःच उघडून बघावी. ती आपण बघू नये.

मोहितेबाईंच्या बाबतीत या प्रश्नातून पाच गोष्टी निघाल्या. रोज निघणाऱ्या मालाचे बीजक आणि ई-वे बिल हे पहिले काम. महिन्याच्या विक्रीची आकडेवारी सीएकडे पाठवणे हे दुसरे, पुरवठादारांची देयके तपासून बँकेत नोंदवणे हे तिसरे, आणि पीएफचे चलन हे चौथे. पाचवी गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली: वाहतूकदाराचा माणूस सकाळी साडेनऊला फोन करून आज गाडी किती वाजता लागेल हे त्यांनाच विचारतो. हे काम कोणाच्याही जबाबदारीच्या कागदात नाही, पण तो फोन उचलला गेला नाही तर गाडी दुसऱ्या कारखान्यात जाऊन लागते. अशी गोष्ट बहुधा शेवटीच निघते, म्हणून पहिल्या चार गोष्टी लिहून झाल्यावर लगेच उठू नये.

यादी झाली की तिच्याशेजारी रजेच्या काळात येणाऱ्या तारखा मांडाव्यात. मोहितेबाईंच्या रजेत तीन तारखा येत होत्या. नोव्हेंबरच्या विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरण ११ डिसेंबरपर्यंत भरायचे होते, पीएफची रक्कम १५ डिसेंबरपर्यंत, आणि जीएसटीआर-३बी २० डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमके रजेच्या शेवटच्या दिवशी. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांना या तारखा ठरलेल्या असतात. तारखा शेजारीशेजारी मांडल्या की त्यांच्यातला संबंधही दिसतो. जीएसटीआर-१ भरल्याशिवाय त्याच महिन्याचे ३बी भरता येत नाही, त्यामुळे ११ तारखेचे काम अडले तर २० तारखेचेही अडते. शिवाय आपले जीएसटीआर-१ वेळेवर गेले नाही, तर १४ तारखेला ग्राहकाला दिसणाऱ्या २बी पत्रकात आपली बीजके उमटत नाहीत आणि ग्राहकांच्या लेखा विभागाचे फोन सुरू होतात. ते फोन मोहितेबाईंच्याच नावाने येतील, म्हणून त्यांना कोणी उत्तर द्यायचे हेही सूचनेत येणे भाग आहे.

दुसरी पायरी: अधिकार आणि पासवर्ड, नावांच्या आधी

नवखे टीम लीड येथेच सर्वाधिक चुकतात आणि मीही येथेच चुकलो होतो. "ई-वे बिलासाठी पवारांशी संपर्क साधा" असे लिहिणे सोपे आहे, पण पवारांना ते बिल प्रत्यक्ष काढता येते का, हे आधी पाहावे लागते. पन्नास हजार रुपयांहून अधिक मूल्याचा माल पाठवताना सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते, आणि १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सर्वच करदात्यांना लॉगिन करताना पासवर्डखेरीज ओटीपीही द्यावा लागतो. हा ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. मोहितेबाईंचा पासवर्ड पवारांना चिठ्ठीवर लिहून दिला, तरी ओटीपी मोहितेबाईंच्याच फोनवर जाणार, आणि दर गाडीमागे त्यांना फोन करावा लागणार. मग ती रजा कसली?

यावरचा सरळ मार्ग म्हणजे मुख्य खात्यातून पवारांच्या नावाने उपवापरकर्ता तयार करणे. पोर्टलवर ही सोय `User Management` या मेनूत आहे, आणि उपवापरकर्त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. पवारांना बिल काढण्याचा अधिकार द्यावा आणि रजा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात एक खरे बिल मोहितेबाईंच्या देखत त्यांच्याकडून काढून घ्यावे. नुसते लॉगिन होते एवढे पाहून थांबू नये. वाहनाचा क्रमांक भाग-बमध्ये भरला की बिलाची मुदत मोजायला सुरुवात होते आणि साधारण मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. बडोद्याहून पुणे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास असल्याने पुण्याच्या गाडीला तीन दिवस मिळतात. चुकलेले बिल काढल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करता येते. या दोन गोष्टी पवारांना माहीत असल्या, तर पहिल्याच चुकीला ते घाबरून मोहितेबाईंना फोन लावणार नाहीत.

बँकेचे प्रकरण वेगळे आहे. आमच्याकडे देयक नोंदवणारा एक आणि त्याला मंजुरी देणारा दुसरा अशी पद्धत आहे. नोंद मोहितेबाई करतात आणि मंजुरी मी देतो. मंजुरी माझ्याकडे असल्याने नोंदही मीच करावी, असा मोह होतो, पण मग दोन माणसे ठेवण्याचा हेतूच उरत नाही. नोंद करण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी वापरकर्ता खाते हवे, आणि ते बँकेकडून मिळायला कागदपत्रे व काही दिवस लागतात. तेवढा वेळ नसेल, तर रजेच्या काळात देय होणाऱ्या बिलांपैकी तातडीची बिले शनिवार, ६ डिसेंबरपर्यंत फेडावीत आणि बाकीची २२ तारखेनंतर जातील असे सूचनेत स्पष्ट लिहावे. काही कामे थांबणार आहेत हे कबूल करण्यात कमीपणा नाही. थांबणारे काम चालू आहे असे भासवले, तर पुरवठादार रोज सकाळी फोन करतो.

तिसरी पायरी: प्रत्येक कामाला एक नाव

कोणाचेही नाव सूचनेत घालण्याआधी त्या व्यक्तीला समोर बसवून विचारावे, आणि तिच्या रोजच्या कामातले काय बाजूला ठेवायचे हेही त्याच बैठकीत ठरवावे. पवारांकडे आधीच स्टोअरची मोजणी असेल, तर ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलावी लागेल, आणि हा निर्णय पवारांनी नव्हे तर तुम्ही घ्यायचा आहे. त्यांची स्वतःची रजा त्याच काळात नाही ना, हेही विचारावे. लग्नसराईत एकाच लग्नाला कार्यालयातले दोघे जातात, ही आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळींची नेहमीची गोष्ट आहे. दांडिया बाजारातल्या एकाच कुटुंबाची नाती निम्म्या कार्यालयात पोचलेली असतात.

एका कामाला एकच नाव द्यावे आणि ते व्यक्तीचे असावे. "अकाउंट्स विभाग" किंवा "स्टोअरचे कर्मचारी" असे लिहिले की विचारणाऱ्याला कोणाकडे जावे हे कळत नाही आणि ज्यांना विचारले जाते त्यांनाही ते आपले काम वाटत नाही. दुसरे नाव द्यायचेच असेल, तर ते कधी वापरायचे याची अट लिहावी: "पवार दुपारी जेवणाच्या वेळेत उपलब्ध नसल्यास शेख". अट न लिहिता दोन नावे दिली, तर लोक ज्याच्याशी ओळख आहे त्याच्याकडे जातात आणि एकच गाडी दोघांकडे दोनदा नोंदवली जाते.

मोहितेबाईंच्या पाच कामांची वाटणी अशी झाली. बीजक आणि ई-वे बिल पवारांकडे. जीएसटीआर-१ची आकडेवारी मोहितेबाई स्वतःच शनिवार, ६ डिसेंबरला सीएकडे पाठवून जाणार आणि त्यानंतरची विचारपूस शेख यांच्याकडे. पीएफचे चलन शेख यांच्याकडे. देयके २२ तारखेपर्यंत स्थगित. आणि वाहतूकदाराचा साडेनऊचा फोन पवारांकडे. हा शेवटचा फोन पवारांकडे देण्याचे कारण साधे आहे: गाडीची वेळ आणि ई-वे बिल ही दोन्ही कामे एकाच हातात असली, तर गाडी फाटकात थांबत नाही.

चौथी पायरी: मजकूर

आता लिहायला घ्यावे. पहिल्या वाक्यात कोण, कोणत्या तारखेपासून आणि कामावर कधी परत, इतकेच असावे. तारखेबरोबर वार लिहावा, कारण वाचणारा दिनदर्शिका उघडत नाही, पण "सोमवार" हे त्याच्या लक्षात राहते. "२० तारखेपर्यंत रजा" एवढेच लिहिले, तर २० तारीख धरायची की नाही यावर दोन मते होतात. म्हणून रजेचा शेवटचा दिवस आणि कामावर परतण्याचा पहिला दिवस हे दोन्ही लिहावेत.

बडोद्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आमच्या कार्यालयात मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही बोलणारे आहेत, आणि गुजराती व हिंदी भाषकांना "काल" हा शब्द मागच्या दिवसासाठीही चालतो आणि पुढच्या दिवसासाठीही. आपल्या मराठीतही "परवा" हा शब्द दोन्हीकडे वळतोच. त्यामुळे सूचनेत काल, उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात हे शब्द पूर्णपणे टाळावेत आणि तारीख लिहावी. "रजा" या शब्दाचेही तसेच आहे: गुजरातीत कार्यालयाच्या सुटीलाही रजाच म्हणतात, म्हणून फलकावर मोठ्या अक्षरांत "८ डिसेंबरपासून रजा" असे शीर्षक दिले, तर कारखानाच बंद आहे असा समज होऊ शकतो. शीर्षकात व्यक्तीचे नाव आणि "रजेवर आहेत" हे शब्द असले म्हणजे तो घोटाळा होत नाही.

रजेचे कारण लिहू नये. लग्न असो, शस्त्रक्रिया असो वा घरातले आजारपण, ते सहकाऱ्याने स्वतः सांगायचे. सूचना वाचणाऱ्याला कामासाठी त्याची गरज नसते. "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्दही मी आता लिहीत नाही, कारण त्यांनी कुतूहल कमी होत नाही, वाढतेच. मोहितेबाईंना रजेत फोन करू नये, हे मात्र एका वाक्यात लिहावे, आणि खरोखरच अडल्यास कोणाला सांगायचे तेही लिहावे. तेथे नाव तुमचे असावे. त्यांना फोन करायचा की नाही हे तुम्ही ठरवाल, विचारणाऱ्याने नव्हे.

तयार झालेली सूचना अशी:

"विषय: श्रीमती मोहिते ८ ते २० डिसेंबर रजेवर आहेत, कामांसाठी संपर्क

श्रीमती मोहिते सोमवार, ८ डिसेंबर ते शनिवार, २० डिसेंबर या काळात रजेवर आहेत आणि सोमवार, २२ डिसेंबर रोजी कामावर परत येतील. त्यांच्या कामांसाठी या काळात पुढीलप्रमाणे संपर्क साधावा.

विक्री बीजक, ई-वे बिल आणि गाडीची वेळ: श्री. पवार, अंतर्गत फोन २४. गाडी लागण्याच्या किमान एक तास आधी वाहनाचा क्रमांक त्यांना कळवावा. दुपारी १ ते २ या वेळेत श्री. शेख, अंतर्गत फोन २७.

जीएसटी विवरणांबाबत सीए किंवा ग्राहकांकडून येणारी विचारणा, तसेच पीएफ: श्री. शेख, अंतर्गत फोन २७.

पुरवठादारांची देयके: या काळात नवीन देयके नोंदवली जाणार नाहीत. आलेली बिले लेखा विभागातील निळ्या फाईलमध्ये ठेवावीत. त्यांवर २२ डिसेंबरपासून कार्यवाही होईल.

रजेच्या काळात श्रीमती मोहिते यांना कामासाठी फोन किंवा संदेश करू नये. वरील व्यवस्थेत न बसणारे तातडीचे काम असल्यास मला सांगावे."

खाली लिहिणाऱ्याचे नाव, पद आणि तारीख. पवारांच्या कलमातली वाहनाच्या क्रमांकाची ओळ बारीक दिसते, पण सगळ्यात उपयोगी तीच ठरली. नव्या माणसाला जे काम दहा मिनिटांत होईल असे आपल्याला वाटते, त्याला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास कोठून येणार हे सूचनेतच सांगितलेले असले की डिस्पॅचचा माणूस गाडी लागल्यावर पळत येत नाही. अशी एखादी व्यावहारिक अट प्रत्येक कामाशेजारी जोडता येते का, ते पाहावे. न सुचल्यास ओढूनताणून घालू नये.

पाठवण्याआधी ही सूचना पवार आणि शेख यांना आणि स्वतः मोहितेबाईंना वाचायला द्यावी. मोहितेबाईंनी एक दुरुस्ती सुचवली होती: मूळ मसुद्यात पीएफ पवारांकडे होते, पण पीएफच्या संकेतस्थळावरचे काम शेख पूर्वी करत असल्याने त्यांना ते येते. मला हे माहीत नव्हते.

पाचवी पायरी: कोणाला, कोठे आणि केव्हा

कार्यालयातल्या सर्वांना ही सूचना ईमेलने गुरुवार, ४ डिसेंबरला जावी आणि सोमवारी ८ तारखेला सकाळी तीच सूचना पुन्हा जावी. आठवडाभर आधी पाठवली तर लोक विसरतात. फक्त त्याच सकाळी पाठवली, तर मोहितेबाईंना काही विचारून घेण्याची संधी कोणाला मिळत नाही. गुरुवार ते शनिवार या तीन दिवसांत लोक "माझे ते राहिले आहे" म्हणत येतात, आणि तेव्हा कळलेले नवे काम सोमवारच्या सूचनेत भरता येते.

व्हॉट्सॲप गटात टाकायची असल्यास ती पिन करावी. तेथे पिनचा कालावधी २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असा निवडावा लागतो. १३ दिवसांच्या रजेला ७ दिवस पुरत नाहीत, म्हणून ३० दिवस निवडून २२ तारखेला पिन आठवणीने काढावी. नंतर काही बदलले तर जुना संदेश दुरुस्त करू नये. तो पंधरा मिनिटांतच दुरुस्त करता येतो, आणि ज्यांनी आधीच वाचला त्यांना बदल कळतही नाही. नवा संदेश टाकून त्यात "दुरुस्ती" असे सुरुवातीलाच लिहावे.

फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आणि गाडी भरणाऱ्यांना ईमेल जात नाही. त्यांच्यासाठी गाडीबाबतच्या दोन ओळी गुजराती व हिंदीत मोठ्या अक्षरांत छापून फाटकाच्या खोलीत लावाव्यात. उरलेल्या कलमांशी त्यांचा संबंध नाही. फोन क्रमांक इंग्रजी अंकांत छापावेत, कारण गुजराती आणि देवनागरी अंक दिसायला जवळचे असले तरी एकसारखे नाहीत आणि घाईत चुकीचा आकडा फिरवला जातो.

बाहेरच्या लोकांना, म्हणजे सीए, वाहतूकदार आणि चार-पाच मोठे ग्राहक यांना, ही अंतर्गत सूचना पुढे पाठवू नये. कोणती देयके थांबली आहेत हे ग्राहकाने वाचण्याचे कारण नाही. त्यांना स्वतंत्र दोन वाक्ये पाठवावीत: मोहितेबाई २० डिसेंबरपर्यंत रजेवर आहेत, या काळात अमुक कामासाठी अमुक व्यक्ती आणि कार्यालयाचा हा क्रमांक. वाहतूकदाराला लिखित संदेशाबरोबर पवारांनी स्वतः फोन करून आपला आवाज ओळखीचा करून द्यावा. साडेनऊचा फोन तिथूनच येणार आहे.

ईमेलच्या आपोआप उत्तराचे काम मोहितेबाईंनी शनिवारी निघण्याआधी करावे. जीमेलमध्ये ही सोय `Vacation responder` या नावाने आहे. ते पहिल्या दिवशी मध्यरात्री सुरू होते आणि शेवटच्या दिवशी रात्री ११:५९ला संपते, म्हणून शेवटची तारीख रविवार, २१ डिसेंबर द्यावी. २० दिली तर रविवारी आलेल्या ईमेलला उत्तर जाणार नाही. एकाच व्यक्तीला ते दर ईमेलमागे उत्तर देत नाही, चार दिवसांतून फार तर एकदा देते, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नये. आउटलुकच्या `Automatic Replies` मध्ये कार्यालयातल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी वेगवेगळा मजकूर देता येतो. तिथे बाहेरच्या उत्तरात कोणाचाही खासगी मोबाईल क्रमांक घालू नये.

रजा अचानक आली तर

वरचा सगळा क्रम ठरवून घेतलेल्या रजेचा आहे. सकाळी आठ वाजता "बरे नाही, येऊ शकत नाही" असा संदेश आला, तर यादी करायला वेळ नसतो. अशा वेळी सूचना दोन टप्प्यांत काढावी. साडेनऊपर्यंत पहिली: "श्रीमती मोहिते आज कार्यालयात नाहीत. आजच्या गाड्यांसाठी श्री. पवार, बाकी सर्व कामांसाठी दुपारी १ वाजेपर्यंत माझ्याकडे यावे." मग एक वाजेपर्यंत तुमच्याकडे जे जे येईल तीच तुमची यादी होते, आणि दुपारी त्यावरून दुसरी, नावांसह पूर्ण सूचना काढता येते. परत येण्याची तारीख माहीत नसेल, तर "लवकरच" असे लिहू नये. "पुढील सूचना गुरुवारी सकाळी" असे लिहावे, आणि गुरुवारी नवे काही नसले तरी तेवढे कळवावे.

अचानकच्या रजेत ओटीपीचा प्रश्न पुन्हा येतोच. म्हणूनच उपवापरकर्ता रजेची वाट न पाहता नेहमीसाठी एक तयार असावा आणि त्याने महिन्यातून एखादे बिल स्वतः काढत राहावे.

रजेच्या काळात आणि नंतर

दुसऱ्या कामाच्या दिवशी, म्हणजे ९ डिसेंबरला दुपारी, पवार आणि शेख यांना पाच मिनिटे भेटावे आणि विचारावे की सूचनेत नसलेले काय आले. त्या मंगळवारी पवारांकडे एक ग्राहक जुन्या बीजकाची प्रत मागत होता आणि ती प्रत मोहितेबाईंच्या संगणकावरच होती. त्यासाठी मोहितेबाईंना मी स्वतः एकच संदेश केला, त्यांनी फाईल कोठे आहे ते सांगितले, आणि तेवढ्यावर ते संपले. सूचना बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे: तुमच्याकडे येणारी विचारणा दिवसागणिक कमी होते. तिसऱ्या दिवशीही लोक तुमच्याकडेच येत असतील, तर एखादे काम यादीतून सुटले आहे किंवा सूचना त्या माणसापर्यंत पोचलीच नाही. कोणत्या कामासाठी येतात हे पाहिले की यांपैकी काय झाले ते कळते.

सोमवारी २२ तारखेला मोहितेबाई आल्यावर पहिला अर्धा तास पवार आणि शेख यांनी त्यांच्याबरोबर बसावे: कोणती बिले निघाली, कोणते बिल रद्द झाले, सीएने काय विचारले, निळ्या फाईलमध्ये किती बिले आहेत. त्यानंतरच "श्रीमती मोहिते आजपासून कामावर आहेत, सर्व कामे पूर्ववत त्यांच्याकडे" ही एका ओळीची सूचना काढावी. ती आधी काढली, तर दहा वाजताच त्यांच्या टेबलाभोवती रांग लागते आणि मागे काय झाले हे कळण्याआधीच त्यांना उत्तरे द्यावी लागतात. ही ओळ न काढल्यास मात्र लोक जानेवारीतही पवारांनाच वाहनाचे क्रमांक कळवत राहतात. फाटकाच्या खोलीतला कागद काढायचा राहतो, हे मी दोनदा पाहिले आहे. तो काढण्याचे काम त्याच सकाळी कोणाला तरी नाव घेऊन सांगावे.